लघुकथा : माया (रिपोर्टच्या तपशिलाबद्दल मतं हवी आहेत)

शिरीषा

ही कथा आहे, पण तिच्यातली चूक माझी स्वतःची आहे. तेव्हा मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पॅथॉलॉजी नुकतंच सुरू झालं होतं. नावं बदलली आहेत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कथेतल्या ‘मध्यम’ या शब्दाऐवजी नेहानं काय म्हणायला हवं होतं? आणि शेवटचा प्रसंग पटतो का?

आबांच्या जिभेच्या डाव्या कडेला जखम होती. दाढेचा कोपरा लागतो म्हणून झाली, असं ते म्हणत. दाढ घासून घेतली, तरी महिनाभरात ती भरली नाही. मग डॉक्टरांनी जखमेच्या काठावरचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट बाबांच्या फोनवर आला तेव्हा नेहा सुट्टीसाठी घरी आली होती. एकच पान. वर आबांचं नाव, वय ७२. मग आलेल्या तुकड्याचं माप : ०.८ × ०.५ × ०.३ सेंटिमीटर, रंग करडा-पांढरा. आणि तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ : मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.

नेहानं ती ओळ शेवटाकडून वाचली. शेवटचा शब्द कळल्यावर आधीचे शब्द वाचायला तिला वेळ लागला. बाबा तिच्या तोंडाकडे बघत उभे होते, आजी पलंगाच्या कडेवर बसलेली.

“कॅन्सर आहे,” ती म्हणाली.

कुणी रडलं नाही. बाबांनी फक्त विचारलं, “किती आहे?”

या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर कुठेच नव्हतं. पण ओळीच्या सुरुवातीला तो ‘मॉडरेटली’ होता आणि बाबा थांबले होते.

“मध्यम,” नेहा म्हणाली. “मध्यम आहे, बाबा.”

बाबांचे खांदे सैल पडलेले तिला दिसले. आजीनं पदरानं डोळे पुसले आणि “म्हणजे वेळेत सापडलं,” म्हणाली. नेहाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय चुकलं ते नीट धरता येईना, आणि आजीच्या चेहऱ्यावर आलेलं ते एवढंसं बळ परत काढून घ्यायचा धीर तिला झाला नाही. आत्याला फोन गेला, “मध्यम आहे म्हणते नेहा.” आत्यानं काकाला सांगितलं. काका म्हणाला, “म्हणजे सेकंड स्टेज.” रात्री जेवताना बाबाही सेकंड स्टेजच म्हणत होते. सकाळी आबांना सांगितलं ते तसंच : दुसऱ्या पायरीवर सापडलंय, बरं होतं.

आठ दिवसांनी एमआरआय झाला. जिभेवरची गाठ २.४ सेंटिमीटर होती आणि मानेत डाव्या बाजूला १.४ सेंटिमीटरची आणखी एक. सर्जननी मान चाचपली, फोटो पाहिले आणि सांगितलं की तिसरी स्टेज आहे, ऑपरेशन लवकर करू.

बाहेर आल्यावर काका भिंतीला टेकून उभा राहिला. “आठ दिवसांत दुसरीची तिसरी झाली. तुकडा काढला तिथेच घात झाला. त्याला लोखंड लागायलाच नको होतं. आता मी आबांना आणखी कापू देणार नाही.” आजी त्याच्या बाजूनं मान हलवत होती. बाबा गप्प.

नेहाला तेव्हा कळलं की हे सगळं तिच्या एका शब्दावर उभं आहे.

“पसरलं नाहीये, काका,” ती म्हणाली. “तिसरी स्टेज त्या दिवशीही असणार. मी चुकीचं सांगितलं. तो तुकडा करंगळीच्या नखाएवढा होता. त्याच्यावरून पेशी कशा आहेत एवढंच कळतं. मानेत काय आहे ते जिभेच्या तुकड्यात कसं दिसेल? बाबांनी ‘किती’ विचारलं आणि मी ‘कशा’चं उत्तर दिलं.”

काकाला ते पटलं नव्हतं. पण खुर्चीवर बसलेले आबा, ज्यांना कुणी अजून काही विचारलंच नव्हतं, ते जड जिभेनं म्हणाले, “नमुन्याचा तुकडा बघून ताग्याची लांबी सांगितलीस.” मग काकाकडे वळून, “कापू दे त्यांना.”

ऑपरेशन झालं. जिभेचा डावा भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या. दहाव्या दिवशी दुसरा रिपोर्ट आला, चार पानांचा. आबांच्या नाकात नळी होती, बोलणं कळत नव्हतं, म्हणून उशाशी वही ठेवली होती. या वेळी नेहानं आधी सर्जनना भेटून एकेक ओळ विचारून घेतली आणि मग कुणालाही फोन न करता आबांच्या शेजारी बसून वाचायला सुरुवात केली.

“मानेतून २८ गाठी काढल्या. त्यातल्या एकीत रोग सापडला. सत्तावीस साफ आहेत.” आत्या मागून म्हणाली, “अगं, मी ते १/२८ बघून अठ्ठाविसावा हिस्सा समजले.”

मग ती ओळ आली. क्लोजेस्ट मार्जिन, डीप, ३ मिलिमीटर. नेहा अडली. कड म्हणावं का काठ? “आबा, रोग काढताना त्याच्याभोवतीची चांगल्या मांसाची पट्टीही काढतात, म्हणजे मागे काही राहू नये. ती खालच्या बाजूला तीनच मिलिमीटर भरली. पाच असली तर चांगलं.”

आबांनी वही ओढली आणि लिहिलं : माया.

शिवणीसाठी सोडतात ती. चाळीस वर्षं त्यांनी तीच मोजली होती. त्याखाली लिहिलं : सर्जननी किती ठेवली होती?

“एक सेंटिमीटर म्हणाले.”

मग आटलं, आबांनी लिहिलं.

“हो. फॉर्मलिनमध्ये ठेवल्यावर आटतं.”

आबांनी कोऱ्या पानावर, पट्टी न घेता, दोन उभ्या रेघा ओढल्या आणि मधल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले. ते झोपल्यावर नेहानं पट्टी लावून पाहिली. बरोबर तीन मिलिमीटर होतं.

रानवाट

शिरीषा, डोळ्यांत पाणी आलं. पण एक गोष्ट वाचकाला सांगायला हवी. तीन मिलिमीटर म्हणजे मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे रोग थोडा आत राहिला. अशा वेळी पुन्हा ऑपरेशन करतात. माझ्या ओळखीत एकांचं तसं केलं होतं. कथेत आबा शांतपणे रेघा ओढतात ते छान आहे, पण पुढचं ऑपरेशन त्यांना सांगितलं की नाही? आणि ‘मध्यम’चा इतका बाऊ कशाला? पेशी जितक्या वाईट तितकी स्टेज पुढची, असंच साधारण असतं ना?

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. वीस वर्षं असे रिपोर्ट लिहितो आणि ते घरी पोचल्यावर त्यांचं काय होतं हे क्वचितच कळतं, म्हणून ही कथा दोनदा वाचली.

रानवाट, तुमच्या दोन्ही मुद्द्यांत थोडं तथ्य आहे. खराब दिसणाऱ्या पेशी गाठींपर्यंत लवकर पोचतात, असा कल दिसतो. पण तो कल आहे, नियम नाही. अगदी शहाण्या दिसणाऱ्या पेशींची गाठ मानेत पोचलेली मी पाहिली आहे, आणि वाईट दिसणारी गाठ जिभेवर सेंटिमीटरभरच असलेलीही. ग्रेड मी सूक्ष्मदर्शकाखाली ठरवतो, तेव्हा माझ्यासमोर फक्त तो तुकडा असतो. स्टेजसाठी गाठीचं माप, खोली, मान आणि बाकीचं शरीर लागतं. दोन्हीकडे एक, दोन, तीन असेच आकडे येतात, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे. पुढचे उपचार ठरवताना ग्रेडचं वजन त्या मानानं कमी असतं. मानेतल्या गाठी, खोली आणि मार्जिन यांना कितीतरी जास्त विचारतात.

आता मार्जिन. रोगाच्या पेशी कापलेल्या कडेपर्यंत पोचल्या असतील तर आम्ही पॉझिटिव्ह म्हणतो. कडेपासून तीन मिलिमीटर अलीकडे थांबल्या असतील तर ‘क्लोज’ लिहितो. म्हणजे काही राहिलं असं दिसलेलं नाही, पण निश्चिंत व्हावं इतकं अंतरही नाही. पाच मिलिमीटरला पुरेसं म्हणण्याची रीत आहे खरी, पण ती रेघ नेमकी कुठे मारावी यावर आमच्यात एकमत नाही. आबांच्या बाबतीत एक गाठ निघाली आहे आणि मार्जिन जवळचं आहे, तेव्हा बहुतेक ठिकाणी पुन्हा कापण्याऐवजी रेडिएशन सुचवतील. साधारण तीस वेळा, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. आणि ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हावं असा प्रयत्न असतो. रोग गाठीचं कवच फोडून बाहेर आला असता किंवा मार्जिन पॉझिटिव्ह असतं, तर सोबत केमोचाही विचार झाला असता. दुसऱ्या रिपोर्टमध्ये कवचाची ओळ असतेच. कथेत ती नाही. नेहानं ती आबांना वाचून दाखवायला हवी, कारण तीच चांगली बातमी आहे.

एक दुरुस्ती. आबांचं ‘आटलं’ अगदी बरोबर, नेहाचं स्पष्टीकरण अर्धंच. जीभ म्हणजे स्नायू. तो कापून बाहेर काढताक्षणीच आखडतो आणि मोठी घट तिथेच होते. फॉर्मलिननं त्यात थोडीशी भर पडते. म्हणून सर्जनचा एक सेंटिमीटर आणि माझे मिलिमीटर जुळत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं सर्जननी कमी कापलं. शिवाय खालची बाजू त्यांना डोळ्यांनी दिसत नसते, बोटानं चाचपून अंदाज घ्यावा लागतो. कमी भरते ती बहुतेकदा तीच.

रानवाट

समजलं, धन्यवाद. त्या ओळखीच्या गृहस्थांचं मार्जिन पॉझिटिव्ह होतं का क्लोज, हे आता मला खात्रीनं सांगता येणार नाही. मी ऐकीव धरून बोलले.

सुहास७१

चांगला धागा. माझ्या गालाच्या आतून एक जखम आहे, दीड महिना झाला. दुखत नाही. एक दात टोचतो. मलम लावतोय, बी कॉम्प्लेक्स घेतोय. आबांनी दाढ घासून घेतली तशी मीही घासून घेऊ का? आणखी कोणतं मलम चालेल?

काचपट्टी

सुहासजी, दात घासून घ्या, पण त्यानंतर वाट बघण्यात आणखी महिना घालवू नका. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायची, आणि तुमचा दीड महिना झाला आहे. दुखत नाही याचा अर्थ साधी आहे असा घेऊ नका, सुरुवातीला अशा जखमा बऱ्याचदा दुखत नाहीत. ती साधीही निघू शकते. पण ते मलम लावून कळणार नाही, बघून आणि गरज पडली तर तुकडा काढूनच कळेल. तंबाखू किंवा सुपारी खात असाल तर हे आजच करा.

सुहास७१

सुपारी आहे. तंबाखू सोडून नऊ वर्षं झाली. पण तुकडा काढल्यावर पसरतं असं कथेत काका म्हणतो, ते वाचून जरा धास्ती वाटली.

शिरीषा

सुहासकाका, ते काकाचं म्हणणं आहे, कथेचं नाही. तो चुकतो हेच मला दाखवायचं होतं आणि ते नीट उतरलं नसेल तर दोष माझा. तुकडा काढल्यामुळे आबांचा रोग पसरला नव्हता, मानेतली गाठ आधीपासूनच तिथे होती. एमआरआय नंतर झाला म्हणून ती नंतर दिसली, एवढंच. कृपा करून या आठवड्यातच दाखवा.

ज्योती_प

आमच्या घरी ‘मध्यम’ नाही, ‘पॉझिटिव्ह’नं घात केला. आईच्या रिपोर्टमध्ये नोड्स पॉझिटिव्ह असं होतं. भाऊ इंजिनिअर, त्यानं मोठ्यानं वाचलं आणि आईला म्हणाला, सगळं पॉझिटिव्ह आहे गं. ती दोन दिवस आनंदात होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा रोगाचं दुःख बाजूलाच राहिलं, पोरानं आपल्याला फसवलं असं तिच्या मनानं घेतलं. त्याला इंग्रजी शब्द येत होता, रिपोर्टमधला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तीन वर्षं झाली, आई बरी आहे, पण तिचा कागद तो अजून हातात घेत नाही.

नेहा पुन्हा दुसरा रिपोर्ट वाचायला बसते, हे मला सगळ्यात मोठं वाटलं.

विवेक_म

लिखाण उत्तम, पण मला नेहाचा राग आला आणि लेखिकेनं तिला फार लवकर माफ केलं असं वाटलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं रिपोर्ट वाचायलाच नको होता. “मला कॅन्सर एवढं कळतंय, बाकी उद्या डॉक्टरांना विचारू,” हे वाक्य तिला येत नव्हतं का? आणि दुसरं, आबा त्याच घरात होते. रिपोर्ट त्यांचा, जीभ त्यांची, आणि बातमी आधी बाबा, आजी, आत्या, काका अशी फिरून सर्वांत शेवटी त्यांच्याकडे गेली, तीही चुकीची. एमआरआयनंतरसुद्धा बाहेर निर्णय काका घेतोय. ‘मध्यम’पेक्षा मला ही चूक मोठी वाटते.

शिरीषा

विवेक, पहिलं मान्य. ते वाक्य मला येत होतं. घरातली पहिली डॉक्टर होणारी मुलगी म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते आणि “माहीत नाही” म्हणायची मला लाज वाटली. कथेत मी धीर झाला नाही असं लिहिलं आहे, ते अर्धसत्य आहे. लाज हे खरं कारण होतं. तो परिच्छेद बदलते.

दुसऱ्याबद्दल मला अजून उत्तर सापडलेलं नाही. आजी म्हणत होती, त्यांना झोपू दे, उद्या सांगू. ती पन्नास वर्षं त्यांच्याबरोबर राहिली होती आणि त्यांना रात्री झोप लागणार नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

ज्योती_प

विवेक, आईला आधी सांगितलं असतं तर ती ऑपरेशनला उभी राहिली नसती असं मला वाटतं. पण तिला विचारलं तर ती उलट सांगते.

विवेक_म

तिला विचारलंत, हेच मी म्हणतोय.

काचपट्टी

मूळ प्रश्न राहून गेला. ‘मध्यम’ऐवजी काय?

मी काय बघतो ते सांगतो, शब्द तुम्ही शोधा. जिभेच्या वरच्या थराच्या पेशी चपट्या होत जातात आणि केराटिन तयार करतात. रोग झाल्यावरही काही गाठींमध्ये पेशी हे काम विसरत नाहीत, केराटिनचे गोल मोत्यांसारखे पुंजके जागोजागी दिसतात आणि या पेशी कुठल्या घरच्या हे पटकन ओळखता येतं. काही गाठींमध्ये इतकं काही उरलेलं नसतं की मला वेगळे रंग लावून शोधावं लागतं. आबांच्या पेशी या दोन्हींच्या मधल्या होत्या. म्हणजे ‘मध्यम’ हा शब्द खोटा नाही. तो पेशींच्या ओळखीबद्दल आहे, रोगाच्या आकाराबद्दल नाही, आणि एकटा उच्चारला की ऐकणारा तो रोगालाच लावतो.

रानवाट

मग ‘ओळख मध्यम शिल्लक आहे’ असं?

काचपट्टी

त्या क्षणी बाबांसमोर हे वाक्य म्हणून बघा. ते विचारतील, कुणाची ओळख?

ज्योती_प

मला वाटतं शब्द शोधूच नये. “कॅन्सर आहे. किती आहे ते या कागदात नाही, त्यासाठी आणखी तपासण्या लागतील.” ‘मॉडरेटली’ त्या दिवशी सोडूनच द्यायचा.

विवेक_म

सोडणं म्हणजे लपवणं नाही का? कुणीतरी डिक्शनरी उघडून वाचेलच, आणि मग पुन्हा ‘मध्यम’.

शिरीषा

दोघांचंही पटतंय, त्यामुळे अजून अडलेय. तूर्त हे बदल केले आहेत.

पहिल्या प्रसंगात :

“किती आहे?” बाबांनी विचारलं. माहीत नाही, हे दोन शब्द नेहाच्या ओठांवर आले होते. पण दीड वर्ष सगळ्यांनी तिला डॉक्टर म्हणून हाक मारली होती. “मध्यम,” ती म्हणाली.

आणि शेवटी, ‘मग आटलं’च्या पुढे :

“हो. काढल्या काढल्याच आखडतं, मग फॉर्मलिनमध्ये आणखी थोडं. आणि आबा, एक ओळ राहिली. ती एक गाठ आहे ना, तिचं कवच फुटलेलं नाही.” आबांनी भुवया उंचावल्या. नेहानं ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली, इंग्रजीत आणि मग मराठीत. त्यांनी वहीत लिहिलं : शिवण उसवली नाही.

काचपट्टी, ही उपमा चालेल का? आबांनी खरंच तसं लिहिलं नव्हतं, हे माझं आहे. ‘माया’ मात्र त्यांचंच.

काचपट्टी

चालेल. माझ्या रिपोर्टमध्ये लिहिता आलं असतं तर मीच लिहिलं असतं.

सुहास७१

गुरुवारची वेळ घेतली आहे. मुलगी सोबत येतेय. कागद मिळाला तर इथे टाकत नाही, आधी डॉक्टरांकडूनच समजून घेतो.